मॅनेजरची ग्रुपवरची झाडाझडती लेखी सूचनांत कशी उतरवायची?

खानापूर_फाटा (सोमवार, रात्री ११.१०)

मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे. आमच्या बेळगाव भागातल्या एका हॉटेलात मी हिशेब लिहितो. वर फॅमिली सेक्शन, खाली साधं, भटारखान्यात नऊ जण, सर्व्हिसला आठ. मॅनेजर माणूस चांगला, पण तोंड म्हणजे फाटकी बंदूक. काल रात्री त्यांनी स्टाफच्या ग्रुपवर हे टाकलं. नावं काढून जसंच्या तसं देतो:

"काय रे, घरात पण असंच राहता काय? काल रात्रीचा भात पातेल्यात तसाच ओट्यावर, आणि सकाळी त्याचाच लेमन राईस! लाज हाय का? ५ नंबर टेबल पुसलं त्या फडक्यानं तर गिऱ्हाईक नाक दाबून उठलं. फडकं हाय का मेलेला उंदीर? संडासातनं आलं की डायरेक पीठ मळायला. कितींदा सांगालोय. आणि दोघं परवापास्नं पोट बिघडलं म्हणून दांडी मारालेत. पोट सगळ्यांचंच बिघडतंय, कामाला यायचंच, नाहीतर पगार कापून सोडीन. हे शेवटचं सांगणं. चांगलं राहा."

सतरा जणांनी अंगठा दाखवला आणि आज सकाळी भात पुन्हा ओट्यावर होता. मालक म्हणाले, तुला लिहिता येतं ना, याचं नीट लेखी कर, भटारखान्यात एक आणि सर्व्हिसला एक लावू. बसलो लिहायला, तर "सर्व कर्मचाऱ्यांनी स्वच्छता पाळावी" याच्या पुढं गाडी जाईना. कसं करावं?

चटणीवाला (सोमवार, ११.२५)

मेलेला उंदीर तेवढा ठेवा. बाकी सगळं बदला.

निपाणीची_सून (सोमवार, ११.४८)

अहो, असल्या हॉटेलची सरळ अन्न सुरक्षा खात्याकडे तक्रार करा. लायसन्सचा १४ आकडी नंबर काउंटरवर लावलेला असतो, तो द्यायचा. मागं आम्हाला एका ठिकाणी सांबारात झुरळ मिळालं होतं तेव्हा माझ्या दिरांनी केली होती. गप्प बसू नका.

खानापूर_फाटा (मंगळवार, सकाळी ८.०५)

वहिनी, मी गिऱ्हाईक नाही हो, तिथंच नोकरी करतो. तक्रार करायची वेळ येऊ नये म्हणूनच तर लिहायचंय.

निपाणीची_सून (मंगळवार, ८.२०)

अगोबाई, मी घाईत वाचलं. मग झुरळांचं पण एक कलम घाला.

जुना_कॅप्टन (मंगळवार, दुपारी ३.३०)

बावीस वर्षं सर्व्हिसमध्ये काढली, त्यातली शेवटची सहा नवीन पोरांना शिकवण्यात. असले कागद खूप लिहिलेत आणि त्यातले निम्मे फुकट गेलेत, म्हणून सांगतो.

आधी मॅनेजरसाहेबांच्या मेसेजची वाक्यं सुटी करा. एकेक वाक्य घ्या आणि विचारा, यात काही घडलेलं सांगितलंय का? "लाज हाय का" यात काही घडलेलं नाही, सोडा. "कितींदा सांगालोय" सोडा. "चांगलं राहा" हे तर सगळ्यात फसवं, कारण ते सूचनेसारखं दिसतं, पण ते वाचून कुणाचा हात कुठंही हलत नाही. उरतात चार गोष्टी: भात ओट्यावर राहिला, फडक्याला वास आला, संडासातून येऊन हात न धुता पीठ मळलं, आणि पोट बिघडलेल्यांनी सुट्टी घेतली. सात-आठ ओळींच्या आरड्याओरड्यात माल एवढाच.

मग प्रत्येक घटनेला उलटं करायचं नाही. इथंच सगळे चुकतात. "भात ओट्यावर ठेवला" याचं उलट "भात ओट्यावर ठेवू नये". मग तो पोऱ्या विचारतो, कुठं ठेवू? पातेलं तर फ्रिजात मावत नाही. म्हणून तो ओट्यावरच राहतो. सूचना म्हणजे "काय करू नका" नव्हे. कुणी, कधी, कशात, कुठं करायचं, आणि झालं की नाही हे दुसऱ्या माणसाला कसं दिसणार, हे त्यात पाहिजे.

चौथ्या गोष्टीबद्दल वेगळं बोलू. तिच्यात गंभीर गोम आहे.

शहापूर_पेठ (मंगळवार, ४.१५)

भाताचा एवढा बाऊ कशाला? आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या रात्रीचा भात सकाळी फोडणीला पडतो. कडकडीत फोडणी बसली की सगळे जंतू मरतात. कागदावर लिहायचंच तर "भात पूर्ण गरम करूनच द्यावा" एवढं लिहा की.

जुना_कॅप्टन (मंगळवार, रात्री ९.४०)

शहापूरकर, निम्मं बरोबर आहे तुमचं. बहुतेक जंतू मरतात, खरंय. पण भाताचा जो खास जंतू आहे, बॅसिलस सिरियस, त्याचं बी शिजवतानाही मरत नाही. तांदळाबरोबर येतं, उकळीतनं जिवंत बाहेर पडतं आणि भात कोमट झाला की उगवतं. वाढताना ते जे विष सोडतं ते फोडणीनंही जात नाही आणि परत उकळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या. वासावरनं, चवीवरनं कळत नाही.

घरी चार माणसांचा भात लहान भांड्यात असतो, तो लवकर निवतो, म्हणून तुमच्या आजीचं निभावलं. हॉटेलात वीस किलोचं पातेलं असतं. वरनं गार लागतं, पण सकाळी मधोमध हात घाला, कोमट लागेल. मी घालून बघितलाय. म्हणजे रात्रभर त्या जंतूला बिछाना घालून दिला.

त्यामुळं सूचना गरम करण्याची नाही, गार करण्याची पाहिजे. भात उरला की पातेल्यात ठेवायचाच नाही. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर करायचा. वाफ जाईपर्यंत झाकण नको, पण जाळी हवी. दोन तासांच्या आत तो ६० अंशांवरून २१ च्या खाली यायला पाहिजे, मग झाकून फ्रिजात, ५ अंशांच्या खाली. ट्रेला कागदी पट्टी लावून तारीख आणि वेळ. आणि जो भात रात्रभर ओट्यावर राहिला तो टाकायचा. फोडणी नाही, लेमन राईस नाही, कामगारांच्या जेवणातही नाही. शेवटचं मुद्दाम लिहा, कारण "गिऱ्हाइकाला नको, पोरांना चालतंय" असं भटारखान्यात सर्रास चालतं.

शहापूर_पेठ (मंगळवार, ९.५५)

अर्धं पातेलं टाकायचं? मालक लिहू देतील का असलं?

कडोली_कट्टा (मंगळवार, १०.३०)

मला हा सगळा उद्योगच पटत नाही. भटारखाना कागदावर चालत नाही हो, आवाजावर चालतो. माझ्या मामाच्या खानावळीत वस्तादानं एक हाळी दिली की सात पोरं हात धुवायला पळायची. कागद लावला की आठ दिवसांत त्यावर तेलाचे शिंतोडे, पंधरा दिवसांत त्याच्यावर कॅलेंडर.

जुना_कॅप्टन (मंगळवार, १०.४५)

आणि वस्ताद गावी गेला की?

कडोली_कट्टा (मंगळवार, १०.५०)

तेव्हा मामी हाळी द्यायची 😄 पण मुद्दा कळला.

पूर्वा_टिळकवाडी (बुधवार, दुपारी १२.१०)

मी ऑफिसात परिपत्रकं लिहिते, म्हणून मदत करते. हा मसुदा बघा:

"सर्व संबंधित कर्मचाऱ्यांस याद्वारे सूचित करण्यात येते की, शिल्लक अन्नपदार्थांची साठवणूक विहित पद्धतीने करण्यात यावी. तसेच टेबल स्वच्छतेकामी वापरण्यात येणारी वस्त्रे वेळोवेळी निर्जंतुक करण्यात यावीत. सदर बाबीत हयगय झाल्यास योग्य ती कार्यवाही अनुसरण्यात येईल."

चटणीवाला (बुधवार, १२.१८)

"टेबल स्वच्छतेकामी वापरण्यात येणारी वस्त्रे". आमचा क्लीनर हे वाचून धोतर नेसून येईल.

पूर्वा_टिळकवाडी (बुधवार, १२.३०)

हसा हसा. पण औपचारिक म्हटलं की असंच लिहितात ना?

जुना_कॅप्टन (बुधवार, रात्री ९.१५)

पूर्वाताई, राग मानू नका. तुमच्या मसुद्यात शिव्या नाहीत, ही जमेची बाजू. पण "करण्यात यावी" म्हटलं की करणारा गायब होतो. कुणी करायचं? ज्यानं वाचलं त्याला वाटतं दुसरा करेल. "विहित", "वेळोवेळी", "योग्य ती" हे तिन्ही शब्द मॅनेजरच्या "चांगलं राहा"चेच सख्खे भाऊ, फक्त इस्त्री केलेले. औपचारिक म्हणजे अवघड नव्हे. सगळ्यांना एकसारखं लागू, तारीख घातलेलं, सही असलेलं आणि कुणाचा पाणउतारा न करणारं, एवढं झालं की कागद औपचारिक. क्रियापद सरळ ठेवा: धुवा, पसरा, बदला, लिहा.

पूर्वा_टिळकवाडी (बुधवार, ९.४०)

मान्य. खरं सांगू का, आमच्या परिपत्रकांचंही तेच होतं. दर सहा महिन्यांनी तेच परत काढावं लागतं.

खानापूर_फाटा (गुरुवार, सकाळी ७.५०)

काल रात्री बसून फडक्यांचं लिहिलं: "सर्व्हिस स्टाफने टेबल पुसण्यासाठी नेहमी स्वच्छ फडके वापरावे. फडक्याला वास येता कामा नये. अस्वच्छ फडके आढळल्यास संबंधितास जबाबदार धरले जाईल."

ठीक वाटतंय?

मोरीवाली_मावशी (गुरुवार, दुपारी २.४०)

मी चिकोडी भागात मुलींच्या वसतिगृहाची मेस बघते. मोठं हॉटेल नाही, पण ८० ताटं रोज. तुमचं वाचून हसू आलं, कारण मीसुद्धा असंच लिहिलं होतं. "स्वच्छ फडके" म्हणजे काय हे त्या बायकांनी आपापलं ठरवलं. एकीचं म्हणणं, सकाळी धुतलं म्हणजे दिवसभर स्वच्छ. दुसरी दर ताटाला नळाखाली धरायची, पण साबण नाही, आणि ओलं पिळून खांद्यावर. तोच खांदा, तीच भाजी ढवळायला वाकणार.

मला नंतर कळलं की वास फडक्याचा नसतो, ओलेपणाचा असतो. दिवसभर ओलं आणि खरकटं राहिलेलं कापड वास मारणारच, कितीही धुवा. म्हणून मी फडकी वाढवली. आधी चार होती, आता चोवीस आहेत. वापरलेलं एका बादलीत पडतं, धुतलेलं दुसरीकडून उचलायचं, आणि रात्री सगळी उकळत्या पाण्यातनं काढून दोरीवर. रंगही वेगळे केलेत, टेबलाला निळं, ओट्याला पिवळं. जमिनीला फडकं नाहीच, पोछाच.

आणि एक. मी हात धुण्यावरून रोज ओरडायचे. एक दिवस निरीक्षणाला आलेल्या बाईंनी विचारलं, बेसिन कुठाय? बेसिनमध्ये मी स्वतःच कोथिंबीर भिजत घातली होती.

जुना_कॅप्टन (गुरुवार, रात्री ९.३०)

मावशींनी माझं निम्मं काम केलं. फाटासाहेब, तुमच्या फडक्याच्या कलमात पहिलं वाक्य इच्छा आहे, दुसरं आशा आहे आणि तिसरं धमकी आहे. काम कुठंच नाही.

सर्व्हिससाठी मी असं करायचो. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत ब्लीचचं. टेबलावरचं खरकटं आधी ताटलीत ओढायचं, मग साबणाच्या फडक्यानं पुसायचं, मग ब्लीचच्या फडक्यानं, आणि वाऱ्यावर वाळू द्यायचं. क्रम उलटा केला तर ब्लीच खरकट्यातच खर्ची पडतं. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं ब्लीच असेल तर ५ लिटर पाण्याला २५ मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते मापाचं झाकण बादलीच्या कडीला दोरीनं बांधून ठेवा. नाहीतर एक जण "अंदाजे" म्हणून अर्धी बाटली ओततो आणि गिऱ्हाइकाला टेबलावर स्विमिंग टँकचा वास येतो. पाणी गढूळ दिसलं की लगेच, नाहीतर दर तीन-चार तासांनी बदला. गरम पाणी घेऊ नका, ताकद उडते.

आणि हे कागदावर ठळक लिहा: ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो. एका ठिकाणी मोरीत एका पोरानं "डबल साफ होईल" म्हणून मिसळलं होतं. दोघांना खोकत खोकत रस्त्यावर आणावं लागलं.

गणेशपूर_गल्ली (गुरुवार, १०.०५)

एवढ्या भानगडी कशाला? सगळ्यांना हातमोजे द्या. हाताचा प्रश्न मिटला, दिसायलाही भारी.

मोरीवाली_मावशी (गुरुवार, १०.२०)

मोजे घातलेला माणूस त्याच मोज्यानं गल्ल्यातले पैसे घेतो, नाक पुसतो आणि परत कोशिंबीर कालवतो. उघड्या हाताला निदान चिकट लागतं म्हणून तो धुतला तरी जातो.

गणेशपूर_गल्ली (गुरुवार, १०.२४)

हे पण खरंच. आमच्या कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला मोज्यानंच कान खाजवतो.

डॉक्टरीणबाई_संकेश्वर (शुक्रवार, सकाळी ६.३०)

धागा आत्ता वाचला. जुना_कॅप्टन यांनी चौथी गोष्ट बाजूला ठेवली होती, तिच्यावर अजून कुणी आलेलं नाही, म्हणून लिहिते.

त्या मेसेजमधलं सर्वात घाण वाक्य उंदराचं नाही. "पोट सगळ्यांचंच बिघडतंय, कामाला यायचंच" हे आहे. जुलाब-उलट्या होणारा माणूस पीठ मळायला बोलावला जातोय, आणि तेही स्वच्छतेच्या मेसेजमध्ये! त्याची भाषा सभ्य केलीत तर काय होईल? "किरकोळ आजाराच्या कारणास्तव गैरहजर राहू नये." वाचायला छान, आणि शंभर गिऱ्हाइकांना आजारी पाडायला पुरेसं. हे वाक्य सुधारायचं नाही, काढायचं आणि त्याच्या जागी बरोबर उलटं लिहायचं: जुलाब किंवा उलट्या झाल्या तर कामावर यायचं नाही, मॅनेजरला फोन करायचा, आणि शेवटचा जुलाब किंवा उलटी होऊन पूर्ण दोन दिवस उलटल्याशिवाय अन्नाला किंवा भांड्यांना हात लावायचा नाही. बरं वाटल्यावरही जंतू पडत राहतात, म्हणून ते दोन दिवस. कामावर असताना सुरू झालं तर तिथंच सांगून निघायचं.

दुसरं, "दोघं परवापासून" हे वाचून माझे कान टवकारले. एकाच भटारखान्यातल्या दोघांची पोटं एकाच वेळी बिघडली आणि त्याच आठवड्यात भात ओट्यावर होता. त्यांनी काय खाल्लं होतं?

खानापूर_फाटा (शुक्रवार, ९.१०)

विचारलं. स्टाफला सकाळी तोच फोडणीचा भात असतो. पण जेवले नऊ जण, बिघडलं दोघांचं. आणि दोघांनाही उलट्यांपेक्षा जुलाबच जास्त, तेही दुसऱ्या दिवशी. भातच असं ठामपणे म्हणता येत नाही.

डॉक्टरीणबाई_संकेश्वर (शुक्रवार, ९.४५)

दुसऱ्या दिवशी असेल तर भाताचं ते विष नसावं, त्याला इतका वेळ लागत नाही. पाणी, हात, दुसरं काहीही असू शकतं. आता शोधून उपयोग नाही, तपासायला काही उरलेलं नाही. पण ते दोघं परत कधी आले ते बघा.

खानापूर_फाटा (शुक्रवार, ९.५२)

एक काल आला. पगार कापतील म्हणून. पीठच मळत होता.

हॉटेलवाला_बाप (शुक्रवार, दुपारी १.००)

सगळे बोलतात, मालकाचं कोण बोलणार? माझी छोटी खानावळ आहे, पाच माणसं. दोन आजारी पडली आणि वर दोन दिवस घरी ठेवली तर भट्टीवर मी उभा राहायचा काय? आणि "पोट बिघडलं" म्हणून सांगितलं की कुणी तपासायचं? सोमवारी सगळ्यांचीच पोटं बिघडतात, रविवारी रात्री काय झालेलं असतं ते आम्हाला ठाऊक असतं.

पूर्वा_टिळकवाडी (शुक्रवार, १.२५)

तुमची अडचण समजते. पण गैरहजेरीच्या दिवसाचा पगार न देणं वेगळं आणि शिक्षा म्हणून दंड कापणं वेगळं. दंडाला कायद्यानं मर्यादा आहे. त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही, आणि कापण्याआधी माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. त्यामुळं "पगार कापून सोडीन" हे लेखी कागदावर तर चुकूनही येऊ देऊ नका. ग्रुपवर आलंय तेच पुरे.

जुना_कॅप्टन (शुक्रवार, रात्री ९.२०)

हॉटेलवाले बापू, खोटं बोलणारे असतात, नाही म्हणत नाही. एका ठिकाणी आम्ही मधला मार्ग काढला होता. पोट बिघडलेल्याला घरी नाही पाठवलं, पण अन्नापासून आणि भांड्यांपासून तोडलं. पार्किंग, दिव्यांची दुरुस्ती, स्टोअरच्या पोत्यांची मोजदाद. हजेरी लागायची, म्हणून पोरं लपवायची नाहीत.

डॉक्टरीणबाई_संकेश्वर (शुक्रवार, ९.५०)

मला हे पूर्ण पटत नाही. जुलाब चालू असलेला माणूस स्टाफचाच संडास वापरणार, तीच कडी, तोच नळ. दोन दिवसांच्या थांबण्याच्या काळात चालेल, पण ऐन आजारात घरीच. पगाराचं मालकांनी ठरवावं, पण फुकट घरी बसवलंत तर तो सांगणार नाही, एवढं नक्की.

हॉटेलवाला_बाप (शुक्रवार, १०.१०)

पगार देऊन घरी बसवा म्हणणं सोपं आहे.

कडोली_कट्टा (शनिवार, सकाळी १०.००)

एक राहिलंच. कागद कुठल्या भाषेत? बेळगावात आहोत, हे विसरू नका. वर मराठी खाली कन्नड केलं तर एक जण रुसणार, उलट केलं तर दुसरा.

चटणीवाला (शनिवार, १०.०८)

डावीकडं एक, उजवीकडं एक. मग डावं मोठं की उजवं यावर समिती नेमा.

गणेशपूर_गल्ली (शनिवार, १०.३०)

६० टक्के कन्नड पाहिजे ना आता कायद्यानं?

पूर्वा_टिळकवाडी (शनिवार, १०.४०)

तो बाहेरच्या नावाच्या फलकांचा नियम. भटारखान्यातला कागद ज्याला वाचायचाय त्याच्या भाषेत पाहिजे.

खानापूर_फाटा (शनिवार, ११.१५)

आमच्याकडं मोजलं: सहा जणांना मराठी वाचता येतं, पाच जणांना कन्नडच, चौघं ओडिशाचे, त्यांना हिंदी थोडं वाचता येतं, आणि भांड्यांच्या दोन मावश्यांना कुठलंच नाही.

मोरीवाली_मावशी (शनिवार, दुपारी ३.१०)

वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र काढू नका, करून दाखवा. मी ट्रेवर भाताच्या थराच्या उंचीला लाल रंगाची रेघ मारली. रेघेच्या वर भात गेला की कुणालाही दिसतं. बेसिनपाशी फक्त "कै तोळकोरि" आणि खाली "हात धुवा", बस. एक भाषा वर आली म्हणून आजवर कुणी हात न धुता गेलेलं नाही.

खानापूर_फाटा (रविवार, रात्री ११.४०)

सगळ्यांचं ऐकून हे लिहिलं. कन्नड एका सहकाऱ्याकडून करून घेतोय, भाषांतर न करता त्याला समजावून सांगून. भटारखान्याचा कागद:

"ही सूचना भटारखान्यातील सर्वांना, मॅनेजरसह, लागू आहे.

उरलेला भात: रात्रीच्या पाळीचे मुख्य आचारी भात बंद झाल्यावर लगेच तो ट्रेमध्ये लाल रेघेपर्यंत पसरतील आणि जाळीने झाकतील. दोन तासांच्या आत झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवतील आणि पट्टीवर तारीख व वेळ लिहितील. सकाळचे आचारी पट्टी पाहूनच भात घेतील. पट्टी नसलेला किंवा बाहेर राहिलेला भात टाका आणि वहीत अंदाजे किलो लिहा. तो कोणालाही, कामगारांनाही, देऊ नका. टाकल्याबद्दल कोणाला बोलले जाणार नाही.

हात: कामावर आल्यावर, संडासातून आल्यावर, कच्चे मांस-अंडी, पैसे, मोबाईल किंवा खरकट्याला हात लागल्यावर साबणाने २० सेकंद धुवा, कागदी रुमालाने पुसा. दाराजवळचे बेसिन फक्त हातांसाठी आहे. साबण किंवा रुमाल संपल्यास मॅनेजरला सांगा. पंधरा मिनिटांत देणे हे मॅनेजरचे काम आहे.

आजार: जुलाब किंवा उलट्या झाल्यास कामावर येऊ नका, फोन करा. थांबल्यानंतर पूर्ण दोन दिवस अन्न व भांड्यांचे काम करू नका. आजार कळवल्याबद्दल दंड होणार नाही."

सर्व्हिसच्या कागदावर हात आणि आजार हेच, भाताऐवजी दोन बादल्या, २५ मिलीचं माप, पाणी बदलायच्या वेळा आणि ॲसिडचा इशारा. खाली तारीख आणि मॅनेजरची सही.

जुना_कॅप्टन (सोमवार, सकाळी ७.००)

"टाकल्याबद्दल कोणाला बोलले जाणार नाही" हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेच वाक्य नसतं तर भात लपून फोडणीत गेला असता. एकच दुरुस्ती: "भात बंद झाल्यावर" ऐवजी घड्याळाची वेळ घाला. भटारखान्यात "बंद झाल्यावर" म्हणजे शेवटचा वेटर जेवल्यावर.

निपाणीची_सून (सोमवार, ८.३०)

झुरळं राहिली.

खानापूर_फाटा (नऊ दिवसांनी, बुधवार, रात्री १०.५०)

काय झालं ते सांगतो. मॅनेजर आधी म्हणाले, माझ्या मेसेजचा कागद आणि त्यात माझ्यावरच काम टाकलंस. सही केली, पण दोन दिवस बोलले नाहीत. बादल्या चालल्या, फडक्याचा वास गेला. वेळ १०.४५ घातली. वहीत पहिल्या तीन दिवसांत ११ किलो भात टाकल्याची नोंद आली, चौथ्या दिवसापासून रोज एक-दीड किलो. आजाराच्या पगाराचं मालकांनी "बघू" म्हटलंय, म्हणजे काही ठरलं नाही.

पण नवीन अडचण. लाल रेघेपर्यंत पसरायचं म्हटलं तर सहा ट्रे होतात, फ्रिजात जागा चार ट्रेंची. उरलेले दोन कुठं ठेवू? मालक नवा फ्रिज घेणार नाहीत.

मोरीवाली_मावशी (बुधवार, ११.०५)

रात्री साडेनऊनंतर भात कमी लावा.

शहापूर_पेठ (बुधवार, ११.०९)

हे मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो.

चटणीवाला (बुधवार, ११.१०)

तुम्ही फोडणी सांगितली होती.